पश्चिमेचं ऊन अडवायचं, पश्चिमेचा वारा घ्यायचा: ठाणे-नवी मुंबईत प्लॉटवर घर आखताना

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं की पहिली चर्चा खोल्यांची होते, मग वास्तूची, मग एलिव्हेशनची. खिडक्या शेवटी, जिथे भिंत मोकळी राहील तिथे बसतात. मे महिन्यात रात्री अकरा वाजताही बेडरूम धगधगत असते, ती याच क्रमामुळे. एसी लावून खोली गार करता येते, पण भिंत कोणत्या दिशेला आणि भोक कुठे हे एकदा स्लॅब पडल्यावर बदलत नाही.

आपल्याकडचा खरा पेच असा. दुपारनंतरचं सगळ्यात त्रासदायक ऊन पश्चिमेकडून येतं, आणि मार्च ते मे या महिन्यांत दुपारी समुद्रावरून, खाडीवरून येणारा वारासुद्धा पश्चिम-वायव्येकडूनच येतो. नागपूर-अकोल्याकडे पश्चिमेची भिंत जाड करून बंद केली तर काम भागतं, कारण तिथली हवा कोरडी. ठाण्यात हवेत इतकी वाफ असते की अंगावरून वारा फिरला नाही तर घाम वाळतच नाही. पश्चिम पूर्ण बंद केली तर घर कोंदट होतं, पूर्ण उघडी ठेवली तर भाजून निघतं. म्हणून पश्चिमेला ऊन गाळून वारा आत घ्यावा लागतो. तेच कसं करायचं ते इथे एका उदाहरणासकट मांडतो.

आधी खरी उत्तर शोधा

नकाशावरचा उत्तरेचा बाण कागदाच्या कडेला समांतर काढलेला दिसला की सावध व्हा. सिडकोच्या सेक्टरांमधले रस्ते अनेक ठिकाणी दिशांना तिरके आहेत. ‘वेस्ट फेसिंग’ म्हणून घेतलेला प्लॉट प्रत्यक्षात वायव्येला तोंड करून असू शकतो, आणि तसं असेल तर छज्जाचं सगळं गणित बदलतं.

मोबाईलचा कंपास चालतो, कारण आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. पण शेजारी सळयांचा ढीग, पत्र्याचं कुंपण किंवा गाडी असेल तर कंपास सरळ खोटं सांगतो. त्यापेक्षा सावलीची जुनी पद्धत भरवशाची. एक मीटरची सरळ सळई सपाट जमिनीत रोवा, गवंड्याचा ओळंबा लावून ती उभी सरळ आहे ना ते बघा. सकाळी साडेनऊच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा. सळईला दोरी बांधून त्या खुणेएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखा. दुपारी पावणेचारच्या आसपास सावली वाढत वाढत पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल. तिथे दुसरी खूण. पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतची रेघ म्हणजे बरोबर पश्चिम-पूर्व. तिला काटकोनात उत्तर.

ही पद्धत वर्षभर चालते, पण ‘भर दुपारी सर्वांत छोटी सावली उत्तरेकडे पडते’ हा आडाखा मात्र चालत नाही. ठाण्यात साधारण १६ मेला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. शिवाय आपली भर दुपार घड्याळात बाराला होत नाही. बहुतेक वर्षभर ती साडेबाराच्या आगेमागे होते.

कोणत्या भिंतीला कधी तापायचं असतं

आपल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, दक्षिणेची भिंत लोक समजतात तेवढी वाईट नाही. एप्रिलच्या मध्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास ८० अंश वर असतो. इतकं उभं ऊन साध्या छज्जानेही अडतं. दक्षिणेत ऊन खोल शिरतं ते डिसेंबरात, आणि तेव्हा ते फारसं छळत नाही. आपल्याला जपायचं आहे ते ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या मध्याला भर दुपारचा सूर्य साधारण साडेबासष्ट अंशांवर असतो, आणि ६० सेंमीचा छज्जा १.२ मीटर उंच खिडकीचा अगदी तळाचा पट्टा सोडून बाकी भाग सावलीत ठेवतो.

उत्तरेला एप्रिलच्या आधी जवळजवळ ऊनच नाही. मे महिन्यात संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला सरकतो आणि उत्तर भिंतीला घासून जातो. मेच्या मध्याला पाच वाजता हा कोन भिंतीशी फक्त १२ अंशांचा असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीला पश्चिमेकडच्या अंगाने ३० सेंमीची उभी पट्टी दिली की सव्वा मीटर रुंद खिडकी त्या वेळी पूर्ण झाकली जाते. जून-जुलैत ढग असतात, तेव्हाची फिकीर नको.

पूर्व आणि पश्चिम या दोन भिंती खरा ताप देतात. निवासी इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा संहिता, इको निवास संहिता २०१८, आपल्यासारख्या दक्षिणेकडच्या अक्षांशांसाठी उत्तरेच्या मानाने पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर पडणारं ऊन सुमारे पावणेदोन पट धरते. पूर्व निदान दुपारनंतर निवायला लागते. पश्चिम मात्र आधीच गरम झालेल्या हवेत तापते, आणि नऊ इंची विटेच्या भिंतीतून ती उष्णता आत झिरपायला साधारण सहा ते आठ तास लागतात. चार वाजताचं ऊन रात्री दहा-अकराला उशाशी पोचतं ते असं.

म्हणून प्लॉटवर घराचा लांब अंग पूर्व-पश्चिम पसरवायचा, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात आणि आखूड भिंती उन्हाला. दिशा पंधरा-वीस अंशांनी कलली तरी फार बिघडत नाही. त्याहून जास्त कलली, तर जी भिंत वायव्येकडे वळली तिला पश्चिमेसारखीच वागणूक द्या.

घोडबंदर रोडच्या बाजूला येऊरचा डोंगर पश्चिमेला असतो, त्याचा हिशेब वेगळा करा. प्लॉटवर उभं राहून हात लांब करा आणि मूठ आडवी धरा. क्षितिजापासून एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. डोंगर दोन मुठी उंच दिसत असेल तर एप्रिलमध्ये साडेपाचनंतरचं ऊन तुमच्यापर्यंत येतच नाही, म्हणजे सूर्यास्ताआधीचा जवळजवळ सव्वा-दीड तास वाचला. ऐरोली-घणसोलीकडे पारसिकची रांग पूर्वेला असल्यामुळे तिथे सूट मिळते ती सकाळच्या उन्हात.

उदाहरणाचा प्लॉट

नेरुळ-सीवूड्सकडे असतात तसा एक प्लॉट घेऊ. १२ मीटर रुंद, १८ मीटर लांब, १२ मीटरची बाजू पश्चिमेच्या रस्त्यावर. मार्जिन सोडून घराला समजा ९ बाय १३ मीटरचा तुकडा उरला. तळमजला अधिक एक. उत्तरेला आणि दक्षिणेला तीन-तीन मीटरच्या बोळापलीकडे शेजाऱ्यांचे दुमजली बंगले, पूर्वेला मागच्या गल्लीतल्या घराची पाठ.

आकाराने हा प्लॉट नशीबवान आहे. लांब भिंती आपोआप उत्तर-दक्षिणेला आल्या, आणि शेजारच्या घरांमुळे तळमजल्याच्या बाजूच्या भिंतींवर ऊन कमीच पडतं. बिघाड होतो तो पुढच्या ९ मीटरच्या दर्शनी भिंतीत, कारण सगळ्यांना मोठी काच तिथेच हवी असते. २.४ बाय २.१ मीटरचा काचेचा सरकता दरवाजा पश्चिमेला उघडा ठेवला तर एप्रिलच्या दुपारी त्यावर दर चौरस मीटरला पाच-सहाशे वॅट ऊन पडतं. साध्या काचेतून त्यातलं बहुतेक आत येतं. हिशेब केला तर हॉलमध्ये दोन किलोवॅटच्या आसपास हिटर लावल्यासारखं होतं, तेही रोज तीन तास.

वाऱ्याची परीक्षा स्वतः करा. बांबूला हलकी रिबीन बांधून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत चार वाजता उभी करा, एप्रिल-मे महिन्यांत. खुल्या प्लॉटवर रिबीन पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे फडफडेल. पण दोन बंगल्यांमधल्या बोळात ती भिंतीला समांतर उडेल. याचा अर्थ असा की बाजूच्या खिडक्यांसमोरून वारा जाईल, पण मुद्दाम वळवल्याशिवाय आत येणार नाही. पुढे पल्ल्यांबद्दल लिहिलं आहे ते याच कारणासाठी.

आता आखणी. पुढच्या ९ मीटरांपैकी उत्तरेकडचे साडेपाच मीटर पडवीला द्या, २.४ मीटर खोल. राहिलेल्या दक्षिणेकडच्या भागात जिना आणि त्याखाली स्टोअर. जिन्यात कोणी बसून राहत नाही, त्यामुळे नैऋत्येच्या तापलेल्या कोपऱ्यात तो चांगला बसतो. त्याच्या पश्चिम भिंतीला जाळी ठेवली तर गरम हवा वर निघूनही जाते. वर जिन्याच्या टोपीला चारही बाजूंनी झरोके हवेत, नाहीतर ती हवा वरच्या पॅसेजमध्ये साचते. पडवीमागे हॉल, मधून पूर्वेकडे पॅसेज, आणि पूर्वेच्या टोकाला आग्नेयेत स्वयंपाकघर. वारा पश्चिमेकडून आत येऊन पूर्वेला निघतो, त्यामुळे फोडणीचा वास आणि शेगडीची धग घरभर न फिरता मागे जाते. इथे वास्तूही खूश.

वास्तूशी भांडण होतं ते नैऋत्येच्या मास्टर बेडरूमवरून. रात्री झोपायची खोली सगळ्यात तापणाऱ्या कोपऱ्यात ठेवणं मला पटत नाही. या घरात झोपायच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर पूर्वेला घ्या. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि झोपायच्या वेळेपर्यंत निवते. घरच्यांना नैऋत्यच हवी असेल तर खोली तिथे द्या, पण पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवू नका, भिंत दुहेरी घ्या: चार-चार इंचांच्या दोन भिंती, मध्ये दोन इंच पोकळी. खिडकी दक्षिणेला. पश्चिमेच्या भिंतीला कपाट टेकवून ऊन अडवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. आपल्याकडे ती धोक्याची आहे, कारण पावसाळ्यात झड याच भिंतीवर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते.

छज्जा किती बाहेर हवा

कंत्राटदार सगळ्या घराला सरसकट ४५ सेंमीचा छज्जा काढतो. दक्षिणेला तो उन्हापुरता कसाबसा चालतो. पश्चिमेला त्याचा उपयोग नाही, आणि का नाही ते ग्राफ पेपरवर पाच मिनिटांत कळतं. खिडकीचा उभा छेद काढा, छज्जाच्या बाहेरच्या टोकावर कोनमापक ठेवा आणि सूर्याच्या उंचीच्या कोनात खिडकीकडे खाली रेघ ओढा. रेघेच्या वरचा भाग सावलीत, खालचा उन्हात.

एप्रिलच्या मध्याला दुपारी चार वाजता सूर्य जवळपास बरोबर पश्चिमेला, ४० अंशांवर असतो. ६० सेंमीचा छज्जा तेव्हा जेमतेम ५० सेंमी सावली देतो. पाच वाजता सूर्य २६ अंशांवर उतरतो आणि सावली ३० सेंमी उरते, १.२ मीटरच्या खिडकीचा तीन चतुर्थांश भाग उन्हात. पाच वाजता ती खिडकी पूर्ण झाकायची तर छज्जा २.४ मीटर बाहेर काढावा लागेल. तेवढा छज्जा कोणी काढत नाही आणि मार्जिनमध्ये चालणारही नाही. पण पडवी तेवढी असते, म्हणून ती २.४ मीटर खोल घेतली.

तेवढ्यानेही भागत नाही. पडवीचा स्लॅब २.७ मीटर उंचीवर असेल तर पाच वाजता मागच्या भिंतीवर दीड मीटर उंचीपर्यंत ऊन येतं. म्हणून स्लॅबच्या बाहेरच्या काठाला ५० सेंमीची पडदी खाली उतरवा. मग चार वाजता ऊन फक्त जमिनीलगत उरतं आणि पाच वाजता एक मीटर उंचीपर्यंत. सूर्यास्तापर्यंतच्या उरलेल्या उन्हासाठी त्याच बाहेरच्या काठाला बांबूची चिक टांगा. तिच्या फटींमधून वारा येत राहतो. हॉलच्या आतला जाड पडदा हे काम करत नाही, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडद्याने परत जात नाही, आणि वाराही थांबतो. वाळ्याचा पडदा भिजवण्याच्या फंदात पडू नका. दमट हवेत पाणी फारसं सुकत नाही, गारवा मिळत नाही आणि ओल वाढते.

वरच्या मजल्यावर पडवीवर बाल्कनी येते, तिलाही तसंच छप्पर आणि तशीच पडदी. बाल्कनी पुढे काचेने बंद करून खोलीत घ्यायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडा, कारण त्या दिवशी ही सगळी सावली संपते.

दक्षिणेला ६० सेंमीचा छज्जा, तोही उन्हाइतकाच पावसासाठी. नैऋत्येकडून येणारी झड ४५ सेंमीखालून सहज आत शिरते, मग लोक पावसाळाभर खिडकी बंद ठेवतात किंवा वर पत्रा ठोकतात. छज्जाच्या खालच्या काठाला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवा, खिडकीच्या सिलला बाहेर उतार द्या.

खिडकी किती आणि कशी उघडणारी

इको निवास संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी उघडू शकणाऱ्या खिडकीचं क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक षष्ठांश धरलं आहे. साडेतीन बाय साडेतीन मीटरच्या बेडरूमला म्हणजे सुमारे दोन चौरस मीटर. इथे ‘उघडू शकणारी’ हा शब्द महत्त्वाचा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते. दोन चौरस मीटर वाऱ्यासाठी चार चौरस मीटर काच बसवावी लागते, म्हणजे ऊन दुप्पट आणि वारा तेवढाच. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी जवळपास पूर्ण उघडते. बिजागऱ्यांना खर्च थोडा जास्त येतो, ग्रिल आतून बसवावी लागते, तरी बेडरूमला मी हाच प्रकार सुचवतो.

आणि या पल्ल्याचा दुसरा मोठा फायदा बोळात दिसतो. आपल्या उदाहरणात वारा उत्तर-दक्षिण भिंतींना समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पूर्वेच्या बेडरूमला बाजूच्या भिंतीत अंतर ठेवून दोन खिडक्या घ्या. पश्चिमेकडच्या खिडकीला एकच पल्ला, बिजागरी पूर्वेच्या कडेला. हा पल्ला काटकोनात उघडला की बोळातून येणारा वारा त्यावर आदळून आत वळतो. दुसऱ्या, पूर्वेकडच्या खिडकीची बिजागरी उलट, पश्चिमेच्या कडेला. तिचा पल्ला वाऱ्याला आडवा उभा राहतो, त्याच्या मागे दाब कमी होतो आणि खोलीतली हवा बाहेर खेचली जाते. दोन्हींच्या बिजागऱ्या एकाच बाजूला लावल्या तर हा फरक उरत नाही, आणि सुतार न सांगता नेमकं तेच करतो, कारण तसं दिसायला सारखं दिसतं. प्रत्येक खिडकीसमोर नकाशावर बिजागरीची कड लिहून द्या. पल्ला वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवणी मजबूत हवी.

सिल ७५ सेंमीपेक्षा वर नेऊ नका. वारा पलंगावर झोपलेल्याच्या अंगावरून गेला पाहिजे, १.२ मीटरवरची खिडकी फक्त छत हवेशीर करते. दरवाजा रात्री बंद राहतो, म्हणून बेडरूमच्या दरवाज्यावर पॅसेजकडे उघडणारा झरोका ठेवा, नाहीतर पडवीतून आलेला वारा पॅसेजमध्येच संपतो. मच्छरदाणीची जाळी वारा बराच खाते. ती टाळता येत नाही, म्हणून एक षष्ठांशाला किमान समजा, थोडं वर जा.

झाड आणि छप्पर

पश्चिमेच्या पुढच्या मार्जिनमध्ये झाड लावणार असाल तर पानगळ कधी ते बघा. बहावा आणि गुलमोहर ऐन एप्रिल-मेच्या सुमाराला फुलतात, पण तेव्हा पानं विरळ असतात. उन्हासाठी बकुळ चांगली, वाढते मात्र सावकाश.

दुमजली घरात वरच्या मजल्याला भिंतींपेक्षा गच्ची जास्त तापवते. वर सांगितलेलं सगळं नीट करूनही वरची खोली तापली तर दोष बहुधा स्लॅबचा. वॉटरप्रूफिंगच्या वेळीच इन्सुलेशनचा थर आणि वर पांढऱ्या चिनी मोझाइकचा थर घ्या. नंतर फोडून करणं महाग पडतं.

साइटवर कधी तपासायचं

तीन वेळा जा. लाइनआउटच्या दिवशी सावलीवरून काढलेली उत्तर आणि चुन्याची रेघ ताडून बघा. लिंटेलचं सेंटरिंग लागलं की टेप घेऊन प्रत्येक छज्जा मोजा; तो लिंटेलबरोबरच ओतला जातो, त्यामुळे काँक्रीट पडायच्या आदल्या दिवसापर्यंतच तो फुकटात वाढवता येतो. पडवीच्या पडदीच्या सळया स्लॅबमधून खाली सोडलेल्या आहेत का तेही स्लॅब ओतण्याआधी बघा. आणि चौकटी बसल्यावर एकदा संध्याकाळी चार ते पाच तिथे थांबा. आतल्या भिंतीवर जिथे उन्हाचा चौकोन पडेल तिथे खडूने खूण करा. महिना एप्रिल-मे नसेल तर चौकोन उत्तर-दक्षिण थोडा सरकलेला असेल, पण कोणती खिडकी उघडी पडली आहे ते लगेच कळतं, आणि प्लास्टर व्हायच्या आत तिला उभी पट्टी किंवा चिकेचे हुक देता येतात.